गॅबा ग्राही, मद्य व बेंझोडायाझेपिने

गॅबा ग्राही, मद्य व बेंझोडायाझेपिने : मेंदूतील तंत्रिका कोशिकांची उत्तेजितता कमी करणाऱ्या प्रमुख रासायनिक संदेशवाहकास गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल किंवा संक्षेपाने गॅबा असे म्हणतात आणि कोशिकापटलातील ज्या प्रथिनावर तो आपली क्रिया करतो, त्यास गॅबा ग्राही म्हणतात. मद्य (एथिल अल्कोहॉल) आणि डायाझेपाम, आल्प्राझोलाम, लोराझेपाम इ. बेंझोडायाझेपीन वर्गातील औषधे ही रासायनिक दृष्ट्या एकमेकांपासून अगदी भिन्न असली, तरी दोन्हींमुळे या एकाच ग्राहीचे निरोधक कार्य वाढते. दोहोंमुळे येणारी गुंगी, नशेतील काळाचा स्मृतिलोप आणि दीर्घकाळाच्या सेवनानंतर ती एकदम बंद केल्यास येणारे झटके ही लक्षणे एकसारखी का असतात, याचे उत्तर या समाईक क्रियास्थानात सापडते. मात्र दोन्ही द्रव्ये त्या ठिकाणी एकाच रीतीने काम करीत नाहीत व त्यांतील फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

गॅबा हे द्रव्य मेंदूत मोठ्या प्रमाणात असते, हे १९५० मध्ये अमेरिकेतील युजीन रॉबर्ट्‌स व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. या वर्गातील पहिले औषध क्लोरडायाझेपॉक्साइड हे १९६० मध्ये व डायाझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. दोन्हींच्या शोधाचे श्रेय हॉफमन-ला रॉश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्याकडे जाते. ही औषधे जगभर कोट्यवधी लोक घेऊ लागल्यानंतरही ती नेमकी कोठे काम करतात, हे कोणास ठाऊक नव्हते. १९७७ मध्ये डेन्मार्क व स्वित्झर्लंड येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे मेंदूत त्यांचे बंधस्थान शोधून काढले व पुढे ते गॅबा ग्राहीचाच एक भाग असल्याचे सिद्ध झाले. मद्य मनुष्याला हजारो वर्षे ठाऊक आहे, तरी त्याचे बंधस्थान ठरविण्याचे काम याहूनही अवघड गेले.

ग्राहीची रचना व दोन द्रव्यांची क्रिया : येथे ज्याचा विचार करावयाचा तो ‘अ’ प्रकारचा गॅबा ग्राही होय. पाच प्रथिन-उपघटक वर्तुळाकार उभे राहून मध्ये एक सूक्ष्म नलिका तयार होते. मेंदूत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात दोन आल्फा, दोन बीटा व एक गॅमा असे उपघटक असतात. एरवी ही नलिका बंद असते. आल्फा व बीटा यांच्या सांध्यांत गॅबाचे रेणू येऊन बसले की, ती क्षणभर उघडते आणि ऋण भाराचे क्लोराइड आयन कोशिकेत शिरतात. त्यामुळे कोशिकेच्या आतील ऋण भार वाढतो किंवा निदान कमी होऊ दिला जात नाही व उत्तेजक संदेश येऊनही कोशिका सहजासहजी प्रतिसाद देत नाही. हाच निरोध होय.

बेंझोडायाझेपिनाचा रेणू गॅबाच्या जागी बसत नाही. त्याची खाच आल्फा व गॅमा यांच्या सांध्यात असते. तेथे बसल्याने ग्राहीची गॅबाविषयीची ओढ वाढते आणि तेवढ्याच गॅबाने नलिका अधिक वेळा उघडू लागते. गॅबा मुळीच नसेल, तर मात्र हे औषध नलिका उघडू शकत नाही. दरवाजाच्या बिजागरीला तेल घातल्याने तो हलक्या हाताने उघडतो, पण ढकलणारा हात लागतोच, तसा हा प्रकार आहे. यामुळे या औषधाच्या परिणामाला एक वरची मर्यादा राहते. मेंदूने स्वतः सोडलेल्या गॅबाच्या पलीकडे ते जाऊ शकत नाही. केवळ बेंझोडायाझेपिनाच्या गोळ्या मोठ्या संख्येने घेतलेला प्रौढ व एरवी निरोगी मनुष्य दीर्घ झोपेनंतर बहुधा वाचतो, याचे कारण ही मर्यादा होय.

मद्याचे तसे नाही. त्याचा रेणू अतिशय लहान असतो व त्याला स्वतःची अशी घट्ट खाच नाही. ग्राहीचा जो भाग कोशिकापटलात रुतलेला असतो, त्यातील उपघटकांमधील पोकळ्यांत तो शिरतो आणि नलिकेची उघडी अवस्था टिकून राहण्यास मदत करतो, असे १९९७ नंतरच्या उत्परिवर्तनांच्या प्रयोगांवरून दिसते. शिवाय मद्यामुळे तंत्रिका संधीत सोडला जाणारा गॅबा वाढतो व मेंदूत तयार होणारी, गॅबा ग्राहीला साहाय्यक अशी काही स्टेरॉइडेही वाढतात. एक-दोन पेल्यांइतक्या अल्प प्रमाणात मद्य ग्राहीवर प्रत्यक्ष किती काम करते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. बंध सैल असल्याने मद्य फार मोठ्या प्रमाणात घ्यावे लागते. डायाझेपामाची नेहमीची गोळी ५ मिग्रॅ. ची असते, तर नशा येण्यास मद्य अनेक ग्रॅम लागते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. बेंझोडायाझेपिने गॅबा ग्राहीपुरतीच थांबतात. मद्य मात्र त्याच वेळी ग्लुटामेट या प्रमुख उत्तेजक संदेशवाहकाच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीलाही दडपते. म्हणजे एकीकडे निरोध वाढतो व दुसरीकडे उत्तेजन घटते. मद्याच्या क्रियेला बेंझोडायाझेपिनासारखी वरची मर्यादा नाही आणि प्रमाण वाढत गेल्यास मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्रही मंदावते. दोन्ही एकत्र घेतल्यास बेंझोडायाझेपिनाची मर्यादाही उपयोगी पडत नाही. रात्री दारू पिऊन त्यावर झोपेची गोळी घेणे हे दोन स्वतंत्र धोक्यांच्या बेरजेहून अधिक घातक असते, ते यामुळे.

गुंगी : ग्राहीतील आल्फा उपघटकाचे सहा प्रकार आहेत व ते मेंदूच्या निरनिराळ्या भागांत कमीअधिक प्रमाणात विखुरलेले आहेत. १९९९ मध्ये झुरिक येथील संशोधकांनी उंदरांमधील पहिल्या प्रकारच्या आल्फा उपघटकातील केवळ एक अमिनो अम्ल बदलले. त्यामुळे तो उपघटक डायाझेपामाला दाद देईनासा झाला. या उंदरांना डायाझेपाम देऊनही गुंगी आली नाही व औषधामुळे होणारा विसरही पडला नाही, परंतु त्यांची भीती मात्र नेहमीप्रमाणे कमी झाली. गुंगी व विसर हे मुख्यतः पहिल्या आल्फा प्रकारातून येतात आणि चिंता कमी होण्याचे काम इतर प्रकारांतून, विशेषतः दुसऱ्यातून होते, असे यावरून दिसून आले. मद्य अशी निवड करीत नाही. म्हणून त्याने भीड चेपणे, तोल जाणे व झोप येणे ही सर्व एकापाठोपाठ येतात.

स्मृतिलोप : नशेत शुद्ध हरपून पडणे आणि स्मृतिलोप होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सामान्यतः ध्यानात घेतले जात नाही. स्मृतिलोपाच्या काळात मनुष्य जागा असतो, बोलतो, पैसे मोजून देतो, कधीकधी वाहनही चालवितो. दुसऱ्या दिवशी मात्र त्यातले काहीच त्याला आठवत नाही. घटना विसरली जाते असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण मुळात ती नोंदलीच गेलेली नसते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ञ डॉनल्ड गुडविन यांनी १९७० च्या सुमारास स्वेच्छेने आलेल्या मद्यासक्तांना मद्य देऊन त्यांना लक्षात राहतील अशा विलक्षण गोष्टी दाखविल्या. दोन मिनिटांनी विचारता त्या सर्वांना सांगता आल्या. अर्ध्या तासाने विचारता, ज्यांना पुढे स्मृतिलोप झाल्याचे आढळले, त्यांना त्यातले काहीच सांगता आले नाही. म्हणजे तात्पुरती स्मृती शाबूत होती, तिचे टिकाऊ स्मृतीत रूपांतर होण्याची पायरी तेवढी तुटली होती.

ही पायरी मेंदूच्या कपाळपाळीमागील बाजूस, शंखपाळीच्या आत असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात घडते. तेथील तंत्रिका संधी वारंवार उत्तेजित झाल्यास एनएमडीए ग्राही उघडतात, कॅल्शियम आत शिरते व ती संधी दीर्घकाळ बळकट होते. एनएमडीए ग्राही उघडण्यासाठी कोशिका आधीच पुरेशी उत्तेजित असावी लागते. गॅबा निरोध वाढला की, ती तेवढी उत्तेजित होत नाही. बेंझोडायाझेपिने एवढेच करतात. मद्य हे करतेच आणि वर एनएमडीए ग्राहीलाही प्रत्यक्ष रोखते. रुग्णालयात जठरदर्शनापूर्वी मिडाझोलाम दिलेला रुग्ण सूचनांप्रमाणे कुशीवर वळतो, डॉक्टरांना उत्तरे देतो आणि नंतर नळी घातल्याचे आठवत नसल्याचे सांगतो, हा त्याच क्रियेचा हेतुपुरस्सर केलेला उपयोग होय.

रक्तातील मद्याची पातळी किती वेगाने चढते, यावर स्मृतिलोप बराच अवलंबून असतो. उपाशीपोटी व घाईने प्यायल्यास तो लवकर होतो. सवयीच्या मनुष्यात गुंगी व तोल जाणे यांविषयी सह्यता निर्माण होते, म्हणजे तेवढ्याच प्रमाणाचा परिणाम कमी होत जातो. स्मृतीबाबत ती तितकी निर्माण होत नाही. म्हणून सराईत पिणारा इतरांना शुद्धीवर दिसतो आणि तरीही त्या संध्याकाळची त्याच्या मेंदूत काहीच नोंद राहत नाही. ‘तो शुद्धीवरच होता’ ही साक्षीदाराची जबानी आणि ‘मला काही आठवत नाही’ हे त्याचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

मेंदूची प्रतिक्रिया : रोज गॅबा निरोध बाहेरून वाढविला जात असेल, तर मेंदू तो तसाच राहू देत नाही. पहिल्या आल्फा प्रकाराचे ग्राही कोशिकापटलावरून आत ओढले जातात व त्यांच्या जागी बेंझोडायाझेपिनांना दाद न देणारा चौथा प्रकार वाढतो. एनएमडीए ग्राहींची संख्या व क्रियाशीलता वाढते. ब्रेक सतत दाबून धरल्यास गाडी चालती ठेवण्यासाठी चालकाने प्रवेगकही तितकाच दाबावा, तसे हे घडते. मद्य रक्तात असेतोवर दोन्ही बाजू समतोल राहतात व मनुष्य वरकरणी ठीक दिसतो. मद्य एकाएकी नाहीसे झाले की, क्षीण झालेला निरोध आणि फुगलेले उत्तेजन एवढेच उरते. पूर्वस्थितीस यायला ग्राहींना कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. रक्तातील मद्य मात्र काही तासांत संपते. या दोन वेगांतील अंतरातच विरतिलक्षणे उद्‌भवतात.

हे झटके मद्यामुळे येतात की आहारदोष, यकृतविकार वा अपस्मारामुळे, याविषयी पूर्वी वाद होता. १९५५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा पुरुषांना पौष्टिक आहारासह दीर्घकाळ मद्य देऊन ते अचानक थांबविले. ज्यांनी ४८ ते ८७ दिवस मद्य घेतले, अशा सहांपैकी दोघांना झटके आले व तिघांना भ्रमावस्था झाली. आहार चांगला असतानाही हे घडल्याने केवळ मद्य थांबविणे हेच कारण असल्याचे ठरले. हे लोक पूर्वीचे मॉर्फिन-व्यसनी कैदी होते आणि असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. परंतु त्यातून मिळालेले ज्ञान रुग्णोपचारात अद्याप वापरले जाते.

मुंबईतील एक प्रसंग : मार्च २०२० च्या अखेरीस कोविड-१९ च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मद्यविक्री मेच्या आरंभापर्यंत बंद राहिली. अंधेरी, पवई, विक्रोळी, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांतही रोज पिणाऱ्यांना मद्य मिळेनासे झाले. ठरवून सोडण्याचा निर्णय नसताना, एकाच आठवड्यात, हजारोंचे पिणे थांबण्याचा असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला असेल. बंगलोरमधील रुग्णालयांच्या नोंदींत या काळात गुंतागुंतीच्या मद्यविरतीचे रुग्ण लक्षणीय वाढल्याचे आढळले.

या काळातील घटनाक्रम समजण्यासाठी पवईत राहणारा ६० किग्रॅ. वजनाचा एखादा पुरुष कल्पावा. तो अनेक वर्षे रोज संध्याकाळी व्हिस्कीच्या दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिलि. पितो. त्यात मद्यांश ४२.८ टक्के असतो, म्हणजे शुद्ध मद्य सु. १५४ मिलि. व वजनाने सु. १२० ग्रॅ. होते. शरीरातील पाण्यात ते पसरले, तर १०० मिलि. रक्तात सु. ३०० मिग्रॅ. इतकी पातळी यावी. तीन तासांत हळूहळू प्यायल्यास तोवर झालेले ज्वलन वजा जाता ती सु. २५० होते. वाहन चालविण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिग्रॅ. आहे, हे लक्षात घेता हे प्रमाण किती मोठे, हे कळते. सामान्य माणूस ताशी सु. १५ मिग्रॅ. या वेगाने मद्य जाळतो, सराईताचा वेग २० ते २५ पर्यंत जातो. रात्री १० वाजता शेवटचा घोट घेतल्यास त्याच्या रक्तातील मद्य दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ११ च्या सुमारास संपते. हाताची थरथर, घाम, धडधड व मळमळ ही लक्षणे पातळी उतरत असतानाच सुरू होतात. रोज सकाळी चहाचा कप धरताना होणारा हा कंप त्याला सवयीचा झालेला असतो व तो संध्याकाळी पिण्याने जातो. टाळेबंदीत मात्र ती संध्याकाळ आलीच नाही.

झटके बहुतांशी शेवटच्या घोटानंतर ७ ते ४८ तासांत येतात. म्हणजे या मनुष्याला ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपासून तिसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत केव्हाही येऊ शकतात. झटका सामान्यतः सर्व शरीराचा असतो, एक-दोन मिनिटांत थांबतो व पुढील काही तासांत पुन्हा येऊ शकतो. उपचार न झाल्यास अशा रुग्णांपैकी सु. एकतृतीयांश जणांना दोन ते चार दिवसांनी तीव्र भ्रमावस्था येते. त्यात रुग्णाला वेळ-स्थळाचे भान राहत नाही, भिंतीवर किडे किंवा खोलीत माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी वेगवान होते. हा काळ खरा प्राणघातक असतो. शरीराच्या एकाच बाजूचा झटका, डोक्याला लागल्याची खूण, मान ताठणे किंवा शेवटच्या पिण्यानंतर कित्येक दिवसांनी आलेला पहिलाच झटका असेल, तर मद्यविरतीवर समाधान न मानता मेंदूतील रक्तस्राव, संसर्ग, रक्तशर्करा घटणे अशी कारणे शोधावी लागतात.

उपचारात डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड वा लोराझेपाम देतात. एका व्यसनाला दुसऱ्या व्यसनाचे औषध देणे म्हणून यावर आक्षेप घेतला जातो, परंतु मद्याचे गेलेले साहाय्य त्याच ग्राहीच्या दुसऱ्या खाचेतून परत देऊन ते हळूहळू कमी करणे, हाच त्याचा अर्थ आहे. यकृत बिघडलेले असेल, तर ज्याचे विघटन सोपे असते ते लोराझेपाम बरे. अपस्मारावरील फेनिटॉइन या विरतीच्या झटक्यांवर फारसे उपयोगी पडत नाही, कारण ते सोडियमच्या नलिकांवर काम करते व बिघाड गॅबाच्या बाजूला असतो. थायामीन (ब१ जीवनसत्त्व) शिरेतून देतात. ग्लूकोज देणे झाल्यास थायामीन त्याआधी वा त्याच वेळी देतात. पूर्वी अनेकदा मद्य सोडून पुन्हा सुरू केलेल्यांमध्ये प्रत्येक विरती आधीच्यापेक्षा तीव्र होण्याची प्रवृत्ती असते, असे १९७८ पासून मांडले गेले आहे. त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ हा अनुभव पुढच्या वेळी भरवशाचा नसतो.

ताडीतील मिश्रण : नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद भागात ताडी व शिंदी मोठ्या प्रमाणावर प्यायली जाते. झाडांपासून मिळणारा रस मागणीच्या मानाने कमी पडतो, म्हणून पाण्यात साखर, क्लोरल हायड्रेट व डायाझेपाम किंवा आल्प्राझोलाम मिसळून ताडी बनवितात. खऱ्या ताडीत मद्यांश सु. ४ ते ५ टक्केच असतो. ६५० मिलि. बाटलीत तो वजनाने २५ ग्रॅ. च्या आसपास होतो. एवढ्याने जड झोप व विसर आला, तर ती ताडी केवळ ताडी नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये भेसळीविरुद्ध कारवाईमुळे तेलंगणात अशी ताडी मिळेनाशी झाली, तेव्हा निजामाबाद व महबूबनगर भागांत कंप, झटके व भ्रम झालेले शेकडो रुग्ण रुग्णालयांत आले व काहींचा मृत्यू झाला.

हा प्रकार या नोंदीच्या विषयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्या मडक्यातील तिन्ही द्रव्ये अखेरीस एकाच ग्राहीवर येतात. क्लोरल हायड्रेटापासून शरीरात होणारे ट्रायक्लोरोएथेनॉलही गॅबा निरोध वाढविते. मात्र त्यांचे वेग निराळे असतात. मद्य काही तासांत जळते, आल्प्राझोलामाचे रक्तातील प्रमाण सु. ११ तासांत निम्मे होते आणि डायाझेपाम व त्याचे क्रियाशील रूपांतर दिवसच्या दिवस टिकते. म्हणून आल्प्राझोलाम असलेली ताडी बंद झाल्यावर झटके पहिल्या एक-दोन दिवसांत येतात, तर डायाझेपाम असलेली बंद झाल्यास ते आठवड्यानेही येऊ शकतात. रुग्ण स्वतः ‘मी फक्त ताडी पितो’ असे सांगतो व त्यात असत्य काही नसते. सौम्य पेयाच्या मानाने लक्षणे फार उग्र असणे किंवा ती अपेक्षेपेक्षा फार उशिरा दिसणे, हीच डॉक्टरांना भेसळ ओळखण्याची खूण होय. अशा वेळी बेंझोडायाझेपिनाचा प्रतिकारक फ्लुमाझेनिल वापरणे धोक्याचे ठरते. ते आल्फा-गॅमा सांध्यातील खाच रिकामी करते व दीर्घकाळ सवय झालेल्या मेंदूत स्वतःच झटके आणते. मद्याचा व क्लोरलाचा परिणाम मात्र त्याने मुळीच उतरत नाही.